केंद्रकाभोवतीचं निळं कडं

माणसाच्या अंगात लोह काठोकाठ भरलेलं असावं, आणि तरी रक्त कमी पडून त्याला दोन पायऱ्या चढताना धाप लागावी! शिवाय ते लोह नेमकं कुठे अडून बसलंय, हे सूक्ष्मदर्शकातून आपल्याला चक्क डोळ्यांनी दिसावं! परवा मी ते पाहिलं आणि तेव्हापासून घरात, बसमध्ये, भेटेल त्याला तेच सांगत सुटले आहे. सगळ्यांना एकेकट्याला सांगणं काही जमणार नाही, म्हणून लिहायला बसले.

मी राहते चितेगावला, पैठण रस्त्यावर, बिडकीनच्या अलीकडे. कामाला जाते संभाजीनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, तंत्रज्ञ म्हणून. आमच्या गावाच्या आजूबाजूला कारखाने आणि छोट्या-मोठ्या शेड आहेत. कुणी वेल्डिंग करतो, कुणी रंग मारतो, कुणी डाग देतो, कुणी जुन्या बॅटऱ्या फोडून भंगार वेगळं करतो. त्यामुळे ‘शिसं’ हा शब्द आमच्याकडे पुस्तकातला नाही. आणि म्हणूनच आमच्याच भागातले एक काका रिपोर्ट घेऊन आले तेव्हा सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा शिसंच आलं.

काकांचं वय सत्तरीच्या आसपास. तरुणपणी कितीतरी वर्षं त्यांनी बॅटरीचं शिसं वितळवण्याचं काम केलेलं. हिमोग्लोबिन 7.4. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू होत्या, पण आकडा जागचा हलत नव्हता. मशीनवरच्या रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट होती. लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात, पण यांच्या पेशींचं सरासरी आकारमान 101 होतं, म्हणजे नेहमीपेक्षा थोडं मोठंच. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी, 780 आली. पुरुषांत ती साधारण तीनशे-चारशेपर्यंत असते. म्हणजे साठा भरून वाहतोय आणि वर गोळ्या सुरूच!

मी रक्ताची स्लाइड रंगवली आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दिली. त्यांनी पाहिली आणि मला हाक मारली. “अगं, इकडे ये. इथे दोन जातीच्या पेशी आहेत बघ. या भरलेल्या, आणि या रिकाम्या, फिकट. एकाच रक्तात दोन कारखान्यांचा माल आल्यासारखं वाटतंय ना?”

मी पाहिलं, आणि खरंच होतं ते. रंग उडालेल्या पेशी आणि व्यवस्थित लाल पेशी एकमेकींत मिसळलेल्या. काहींच्या आत कडेला एखाद-दोन गडद ठिपके. मॅडम म्हणाल्या, “शिशाचा रिपोर्ट येऊ दे. पण मला वाटतं आपल्याला मॅरो बघावा लागेल.”

शिशाचा रिपोर्ट आला 11 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. इथे आम्ही सगळे जरा थांबलो. 5 च्या वर गेलं की शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या हिशेबानं 11 वाढलेलंच. पण शिशामुळे हिमोग्लोबिन सातावर यायचं तर रक्तातलं शिसं याच्या कितीतरी पट असायला हवं. काकांचं शिसं जुनं होतं. रक्तातून ते महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडात जाऊन बसलेलं शिसं वर्षानुवर्षं, दशकानुदशकं राहतं आणि थोडं थोडं रक्तात परत येत राहतं. म्हणजे शिसं होतं, पण गुन्हेगार दुसराच कुणीतरी होता.

मग अस्थिमज्जेचा नमुना घेतला गेला, कमरेच्या हाडातून. आता जी गोष्ट सांगायची आहे ती इथून सुरू होते.

मज्जेची स्लाइड नेहमीच्या रंगात रंगवली की पेशींचे आकार, केंद्रकं, सगळं दिसतं, पण लोह दिसत नाही. लोहासाठी वेगळा रंग असतो, पर्ल्सचा. माक्स पर्ल्स या जर्मन डॉक्टरनं 1867 मध्ये ही रीत दिली आणि अजून तीच चालते! पोटॅशियम फेरोसायनाइड आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल समप्रमाणात, दोन्ही दोन-दोन टक्क्यांचे, वापरायच्या क्षणीच मिसळायचे. आम्ल पेशीतलं लोह प्रथिनांपासून सोडवतं, सुटलेलं लोह फेरोसायनाइडशी जुळतं आणि जागच्या जागी गडद निळा रंग तयार होतो. चित्रकार ज्याला प्रशियन ब्लू म्हणतात, तोच हा निळा. नंतर केंद्रकं दिसावीत म्हणून फिकट लाल रंग द्यायचा.

या कामात हात जपून चालवावा लागतो. नळाच्या पाण्यात लोह असतं. ते स्लाइडवर आलं तर जिथे तिथे निळे कण पडतात आणि बघणारा फसतो. म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरायचं आणि प्रत्येक वेळी ज्यात लोह नक्की आहे अशी एक स्लाइड सोबत रंगवायची, म्हणजे रंगानं काम केलं की नाही ते कळतं. आणि खोटे कण ओळखायची मॅडमनी शिकवलेली खूण फार उपयोगाची आहे: ते पेशींच्या बाहेर, रिकाम्या काचेवरही दिसतात, आणि फोकस थोडा वर-खाली केला की पेशी धूसर झाल्यावर ते स्पष्ट होतात. खरं लोह पेशीबरोबरच फोकसमध्ये येतं आणि पेशीबरोबरच जातं.

तर काकांची स्लाइड तेलाच्या लेन्सखाली ठेवली, आणि... मी कसं सांगू! लाल पेशीची पूर्वज पेशी, एरिथ्रोब्लास्ट, मधोमध तिचं गुलाबी गोल केंद्रक, आणि त्या केंद्रकाला चिकटून सभोवार निळ्या टपोऱ्या मण्यांचं कडं! एका पेशीत नाही, शेजारच्या पेशीतही, पलीकडच्या पेशीतही. काहींत पूर्ण गोल, काहींत अर्धवट. मी डोळा काढला आणि परत लावला. कडी होती तिथेच होती.

“रिंग्ड सिडरोब्लास्ट,” मॅडम म्हणाल्या. “सिडरोब्लास्ट म्हणजे लोहाचे कण असलेली पेशी. असे एक-दोन, फार तर चार बारीक कण निरोगी माणसाच्या मज्जेतही असतात, पण ते पेशीद्रवात कुठेही विखुरलेले. कडं म्हणायचं कधी? कमीत कमी पाच कण हवेत आणि केंद्रकाच्या परिघाचा किमान एक तृतीयांश भाग त्यांनी व्यापलेला हवा. आता मोज.”

आम्ही शंभर एरिथ्रोब्लास्ट मोजले. त्यातल्या 38 मध्ये कडं होतं. निदानाला 15 टक्के पुरतात.

आणि मी विचारलं, जे कुणीही विचारेल: लोह केंद्रकाभोवतीच का? इतकी सगळी पेशी मोकळी असताना तिथेच का गोळा व्हावं?

मॅडमनी दिलेलं उत्तर ऐकून मला अक्षरशः उठून उभं राहावंसं वाटलं. निळ्या कणांची ती रांग म्हणजे तंतुकणिकांची रांग आहे! वाढत्या लाल पेशीत तंतुकणिका केंद्रकाच्या अवतीभवती दाटलेल्या असतात, आणि लोह नेमकं त्यांच्या आत अडकलेलं असतं. म्हणजे आपण लोह पाहतोय असं वाटतं, पण खरं म्हणजे आपण कुठल्याही मोठ्या यंत्राशिवाय, साध्या सूक्ष्मदर्शकातून, तंतुकणिकांच्या जागा पाहत असतो. आणि ते लोह तिथे का अडकतं, हे कळण्यासाठी हीम कसं बनतं तेवढं बघावं लागतं.

हीम म्हणजे हिमोग्लोबिनचा रंग आणि जीव. ते आठ पायऱ्यांनी बनतं. पहिली पायरी तंतुकणिकेत. तिथे ग्लायसीन हे साधं अमिनो आम्ल आणि सक्सिनिल कोएन्झाइम-ए जोडून अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल बनतं, ज्याला लॅबमध्ये सगळे एएलए म्हणतात. ही पायरी जीवनसत्त्व बी-6 शिवाय होत नाही. मग एएलए तंतुकणिकेच्या बाहेर येतं. पुढच्या चार पायऱ्या पेशीद्रवात होतात: दोन एएलए जुळून एक छोटं वलय बनतं, तशी चार वलयं ओळीनं लागतात, त्यांचं मोठं वलय होतं. मग माल परत तंतुकणिकेत जातो आणि शेवटच्या तीन पायऱ्या तिथे होतात. सगळ्यात शेवटी फेरोकिलेटेज नावाचं विकर त्या वलयाच्या मधोमध लोहाचा एक अणू बसवतं. झालं हीम! निसर्गानं अर्धं काम आत, अर्धं बाहेर आणि शेवट पुन्हा आत असं का ठेवलं, याचा विचार करत मी रात्री बराच वेळ जागी होते.

आता वलय तयार झालंच नाही, किंवा लोह आणि वलय यांची भेटच झाली नाही, तर काय होईल? लोह मात्र यायचं थांबत नाही. ते तंतुकणिकेत येत राहतं आणि तिथल्या खास फेरिटिन प्रथिनात साचत जातं. आमच्या पैठण रस्त्यावर एखाद्या कंपनीची लाइन बंद पडली की कच्च्या मालाचे ट्रक गेटशी ओळीनं उभे राहतात, तसंच हे. मालाची कमतरता नसते, माल वापरणारी लाइनच बंद असते. आणि त्यात वरून लोहाच्या गोळ्या देणं म्हणजे रांगेत आणखी ट्रक आणून लावणं.

काकांची लाइन कुठे बंद होती, तेही कळलं. मज्जेतल्या पेशींची जनुकीय तपासणी बाहेर पाठवली होती. तिचा रिपोर्ट आला: एसएफ3बी1 या जनुकात बदल. हा बदल जन्मापासूनचा नसतो. आयुष्यात पुढे कधीतरी मज्जेतल्या एका मूळ पेशीत तो होतो आणि मग त्या पेशीची वंशावळ वाढत जाते. म्हणूनच रक्तात दोन जातीच्या पेशी होत्या! बिघडलेल्या वंशाच्या फिकट, आणि शाबूत वंशाच्या लाल. हे जनुक पेशीतल्या संदेशांची काटछाट करण्याच्या यंत्रणेचा भाग आहे. ते बिघडलं की काही संदेश चुकीचे कापले जातात, आणि त्यात एबीसीबी7 या तंतुकणिकेच्या भिंतीतल्या वाहक प्रथिनाचा संदेश असतो. ते प्रथिन कमी पडलं की तंतुकणिकेतल्या लोहाचा हिशेब कोलमडतो. स्वीडनच्या ब्यॉर्कमननं 1956 मध्ये अशा चार रुग्णांचं वर्णन केलं होतं, फक्त स्लाइड पाहून! त्या कड्यामागचं जनुक 2011 मध्ये सापडलं. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत लोक हेच निळं कडं पाहत होते आणि ‘का’ विचारत होते.

पण मग शिशाचं काय? पुस्तकांत तर कड्यांच्या कारणांच्या यादीत शिसं हमखास असतं.

त्याच महिन्यात आमच्याकडे दुसरा एक नमुना आला. पंचविशीतला मुलगा, जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेडमध्ये कामाला. पोटात मुरडून कळा, बद्धकोष्ठ, अंगात त्राण नाही. हिमोग्लोबिन 9.8, पेशी लहान. रक्तातलं शिसं 82! मला वाटलं आता याच्याही मज्जेत कडी दिसतील. मॅडमनी मज्जा मागितलीच नाही. “गरज काय? रक्तानंच सगळं सांगितलंय,” असं म्हणून त्यांनी स्लाइड माझ्यापुढे सरकवली.

लाल पेशींत बारीक-जाड निळसर ठिपक्यांचा सडा पडला होता. बेसोफिलिक स्टिपलिंग. आणि इथेच मला आणखी एक गोष्ट उलगडली, जिच्यामुळे माझा तो आठवडा साजरा झाला: हे ठिपके लोहाचे नाहीतच! पेशी तरुण असताना तिच्यात प्रथिनं बनवणारी रायबोझोम असतात, आणि पेशी पिकताना त्यांतलं आरएनए मोडून टाकायचं काम एक विकर करतं. शिसं त्या विकराला निकामी करतं. मग न मोडलेलं आरएनए गोळा होऊन ठिपके दिसतात. काकांच्या रक्तातले गडद ठिपके मात्र लोहाचे होते. दोघांच्या स्लाइड मी पर्ल्सच्या रंगात घातल्या. काकांचे ठिपके निळे झाले, मुलाचे दिसेनासे झाले. एका रंगानं दोन आजार वेगळे!

शिसं हीमच्या साखळीवर दोन ठिकाणी घाव घालतं. पहिला, एएलएची दोन-दोनची जोडी लावणाऱ्या विकरावर. त्या विकराला जस्ताचा अणू लागतो, आणि शिसं त्या जस्ताला हुसकून त्याच्या जागी बसतं. जोडी लागत नाही, एएलए साचतं आणि लघवीतून वाहून जातं. दुसरा घाव शेवटच्या पायरीवर, लोह बसवण्यावर. तिथे लोहाची जागा रिकामी राहते आणि तिच्यात जस्त जाऊन बसतं. हे झिंक प्रोटोपॉर्फिरिन लाल पेशीत पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण 120 दिवस राहतं. रक्तातलं शिसं आजची स्थिती सांगतं, आणि झिंक प्रोटोपॉर्फिरिन गेल्या तीन-चार महिन्यांची. फक्त एक जपायचं: साध्या लोहाच्या कमतरतेतही ते वाढतं, आणि शिसं पंचवीस-तिसाच्या खाली असेल तर ते बहुधा गप्पच असतं. म्हणून रक्तातल्या शिशाला पर्याय नाही.

हे सगळं आपल्याच महाराष्ट्रात मोजलं गेलंय हे कळल्यावर तर माझा आनंद आणि काळजी दोन्ही वाढली. कराडच्या कृष्णा इन्स्टिट्यूटमधले अरुण पाटील आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी बनवणाऱ्या आणि चांदीचे दागिने घडवणाऱ्या कामगारांच्या रक्तातलं शिसं मोजलं आणि 2006 मध्ये ते अभ्यास प्रसिद्ध झाले. चांदीच्या कामातही शिसं! कामगारांच्या रक्तात शिसं जास्त, जस्तावर चालणारं ते विकर मंदावलेलं, लघवीत एएलए वाढलेलं. म्हणजे मॅडमनी मला कागदावर काढून दाखवलेली साखळी तिथे माणसांच्या रक्तात, आकड्यांत, दिसत होती. पाटील आणि सहकाऱ्यांनी त्या विकराची आणखी एक खुबीदार तपासणी केली होती: नमुन्यातलं विकर आहे तसं मोजायचं, आणि मग त्याला परत चालू करून पुन्हा मोजायचं. परत चालू केल्यावर ते जोमानं काम करू लागलं, तर विकर शाबूत आहे आणि शिसं फक्त त्याच्या जागेवर बसलं होतं, हे सिद्ध होतं. किती सुंदर!

आणि कडी? शिशाच्या विषबाधेत ती दिसतात असं जुन्या पुस्तकांतून नव्या पुस्तकांत उतरत आलंय, पण रक्तविकारांच्या अभ्यासकांना त्याचा ठोस पुरावा फारसा मिळत नाही. शिसं लोहाऐवजी जस्ताला वलयात बसू देतं, लाल पेशींचं आयुष्यही घटवतं, आणि त्या बिघाडाची खूण रक्तातच दिसते. म्हणून शिशाचा संशय असेल तर हाडात सुई घालायची नाही, रक्तातलं शिसं मोजायचं. आणि मज्जेत खरीच कडी दिसली तर शिशावर समाधान मानून थांबायचं नाही, दुसरी कारणं शोधायची. काकांच्या बाबतीत मॅडमनी नेमकं हेच केलं. माझ्या मते निदानात सगळ्यात अवघड भाग हाच असतो. कामाचा इतिहास एवढा बोलका असताना त्याच्यापुढे जाऊन बघणं.

त्या इतर कारणांत एक आपल्याकडे विसरता येण्यासारखं नाही. क्षयरोगाच्या उपचारातलं आयसोनियाझिड बी-6 ला अडवतं, आणि बी-6 नाही म्हणजे पहिलीच पायरी नाही. म्हणून त्याच्याबरोबर बी-6 ची गोळी देतात. अशी कडी औषध थांबवलं किंवा बी-6 दिलं की नाहीशी होतात. दारू, तांब्याची कमतरता आणि काही प्रतिजैविकं यांनीही हे होतं. जन्मजात प्रकारात, जिथे पहिल्या पायरीचं विकरच थोडं दुबळं असतं, तिथे बी-6 च्या मोठ्या मात्रेनं हिमोग्लोबिन चढलेलं दिसतं. काकांसारख्या उतारवयातल्या प्रकारात बी-6 चा सहसा उपयोग होत नाही.

काकांच्या लोहाच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. गरज पडेल तेव्हा रक्त, आणि पुढे रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनचा विचार, असं त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलं. तो मुलगा शेडमधून बाहेर काढला गेला, शिसं अंगाबाहेर काढणारं औषध सुरू झालं. पण ते औषध घेत घेत तो त्याच शेडमध्ये परत गेला असता तर उपयोग झाला नसता. शिशाच्या उपचारातली पहिली मात्रा म्हणजे त्या जागेतून बाहेर पडणं. त्याच्या घरच्यांचीही तपासणी केली, कारण शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि घरातली लहान मुलं ती मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषतात.

तेव्हा पैठण रस्त्यावरच्या, वाळूजच्या, शेंद्र्याच्या आणि कुठल्याही शेडमध्ये शिसं, बॅटरी, डाग किंवा चांदीची भट्टी यांच्याजवळ काम करणाऱ्यांनो, पोट मुरडत असेल, त्राण नसेल, हिमोग्लोबिन घसरलं असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आपलं काम सांगा आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगा. कामाचे कपडे कामावरच बदला, तिथे बसून डबा खाऊ नका. आणि ज्यांच्या घरी लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालल्यात आणि आकडा हलत नाही, त्यांनी पुढची पट्टी आणण्याआधी एकदा फेरिटिन करून घ्या.